बॅलन्स सर्टिफिकेटवर तारीख होती दुसऱ्या शनिवारची

हे लिहायला मला चार महिने लागले, कारण लाज वाटत होती. ३४ वर्षं नोकरीत दुसऱ्यांची बिलं तपासली आणि स्वतःचा एक कागद, मुलीच्या व्हिसासाठीचं बँकेचं सर्टिफिकेट, तपासला नाही. एकूण १,१२,३०० रुपये गेले. पैशांचं एक वेळ सोडा, मुलीच्या नावावर जो डाग लागला तो कसा पुसायचा?

मुलीला यूकेत एका वर्षाच्या मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला होता. उरलेली फी आणि राहण्याच्या खर्चाचे ९ महिन्यांचे १०,२२४ पौंड (लंडनबाहेरचा तेव्हाचा दर महिन्याला १,१३६) असे मिळून साधारण १८ लाख ९० हजार व्हिसासाठी दाखवायचे होते. माझ्याकडे १९,३५,००० होते. उसने नाहीत, स्वतःचे. १२,३५,०००ची जुनी एफडी, आणि निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर २६ मे २०२५ला केलेली ७,००,०००ची नवी. म्हणजे खोटं दाखवायची मला गरजच नव्हती. हे आधी सांगतो, कारण पुढे प्रत्येकाने मलाच चोरासारखं विचारलं.

यूकेचा नियम असा, की पूर्ण रक्कम सलग २८ दिवस खात्यात असायला हवी आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपासून ३१ दिवसांच्या आतला हवा. मी शाखेत गेलो. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, बॅलन्स सर्टिफिकेट उद्या मिळेल, पण त्यावर फक्त त्या दिवसाची शिल्लक येते, २८ दिवसांचं काही आमच्या फॉरमॅटमध्ये नाही. सॉल्व्हन्सी सर्टिफिकेट, म्हणजे ऐपतीचा दाखला, त्याबद्दल विचारलं तर घराचं व्हॅल्युएशन, सीएचा नेटवर्थ दाखला, तीन वर्षांचे रिटर्न आणा, तीन आठवडे लागतील. त्यांनी एवढंच सांगायला हवं होतं, की सर्टिफिकेटसोबत एफडीचं स्टेटमेंट शिक्का मारून घ्या, २८ दिवस त्यातच दिसतात. नाही सांगितलं. मागे रांग होती.

आमचा व्हिसा कन्सल्टंट मात्र तत्पर. "काका, शाखेत खेटे कशाला घालता? आपला माणूस आहे बँकेत. २० जूनच्या आत अर्ज गेला नाही तर सप्टेंबरची बॅच हुकली समजा." बॅच वगैरे काही हुकणार नव्हती, अर्ज जुलैत केला असता तरी चाललं असतं. पण घरात रोज तोच विषय, मुलगी रडकुंडीला आलेली, आणि हा माणूस तिच्या मैत्रिणीचं काम करून बसलेला. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?

त्याच्या सांगण्यावरून ११,००० यूपीआयने दिले. मग २४,५००, त्यातले १४,००० सॉल्व्हन्सीचे. दोन्ही वेळा पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर गेले, पावती नाही. (बँक स्वतःचे चार्जेस तुमच्या खात्यातून कापते. कोणाच्या यूपीआयवर मागत नाही. हे मला माहीत होतं!) सॉल्व्हन्सी म्हणजे 'हा माणूस अमुक रकमेपर्यंत भरवशाचा आहे' असं बँकेचं मत, आणि ते बहुतेक घराच्या किमतीवर उभं असतं. यूकेच्या विद्यार्थी व्हिसाला घर चालत नाही, पटकन काढता येईल असाच पैसा चालतो. म्हणजे ते १४,००० कागद खरा असता तरी वायाच. तुमच्या देशाच्या यादीत सॉल्व्हन्सीचं नाव नसेल तर त्याच्या नादी लागू नका.

आता तो क्षण. १६ जूनला संध्याकाळी त्याच्या ऑफिसात त्याने सर्टिफिकेट माझ्यासमोर ठेवलं. लेटरहेड, गोल शिक्का, सही, माझं नाव बिनचूक. मी चष्मा लावून वाचलं. नव्या एफडीची सुरुवात लिहिली होती १० मार्च. मी म्हणालो, "अहो, ही मेमधली आहे." तो हसला. "काका, सिस्टीममध्ये तशीच येते, रिन्यूअलमुळे." नव्या एफडीचं रिन्यूअल कुठून आलं? मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर मनात कुठेतरी बरंही वाटलं, कारण २६ मेपासून २८ दिवस भरत नव्हते, हे मला बोटांवर मोजता येत होतं. आणि कागदावरची तारीख होती १४ जून २०२५. दुसरा शनिवार. बँक बंद! वर्षानुवर्षं दुसऱ्या-चौथ्या शनिवारी पासबुक भरायला जाऊन परत आलेला माणूस मी, आणि मला ते दिसलं नाही.

फक्त ९-१० दिवस थांबलो असतो तर खरा कागद चालला असता.

व्हिसावाल्यांनी थेट बँकेकडे चौकशी केली. सर्टिफिकेटवर शाखेचा म्हणून जो ईमेल होता तो जीमेलचा होता, त्यावर नाही, बँकेच्या अधिकृत पत्त्यावर. बँकेने कळवलं, आम्ही असा कागद दिलेला नाही. अर्ज नामंजूर, कारण खोटं कागदपत्र. फसवणूक केल्याचा शिक्का बसला की १० वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जाऊ शकतात. तिथल्या आरोग्यसेवेसाठी अर्जासोबत भरलेला हेल्थ सरचार्ज परत आला. व्हिसा फीचे ६१,८०० नाही आले.

आणि मूर्खपणाचा कळस पुढेच आहे. त्याच माणसाला मी 'अपील'साठी आणखी १५,००० दिले. ते अपील नसतंच, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू असतो, त्याची सरकारी फी ८० पौंड, मुदत २८ दिवस. त्याने तोही केला नाही. फोन बंद, ऑफिसवर दुसरीच पाटी.

मग सुरू झाली वरात. शाखा व्यवस्थापक म्हणाले, कागद आमचा नाही, आमचा संबंध नाही. आमच्या लेटरहेडचा गैरवापर झालाय, तुम्ही तक्रार करा म्हटलं, तर "वरिष्ठांना कळवतो." अजून कळवतायत. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "खोटं सर्टिफिकेट तुम्हालाच हवं होतं ना?" मग म्हणे पैसे ऑनलाइन गेले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, ओटीपी गेला नाही, तुम्ही स्वतःहून दिलेत, हा व्यवहारातला वाद, ठाण्यात जा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर नोंद झाली, पण तोवर समोरचं खातं रिकामं. ठाण्यात परत गेलो तर अर्ज घेतला, पोच दिली, गुन्हा नोंदवला नाही. "साहेब बंदोबस्ताला आहेत." तीन सोमवार साहेब बंदोबस्ताला. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार टाकली, ती बंद झाली, कारण बँकेच्या सेवेत त्रुटी नाही. सर्टिफिकेट कसं मागायचं हे न सांगणं त्रुटी नाही म्हणे!

सर्टिफिकेट स्वतः शाखेत जाऊन घ्या. सही करणाऱ्याचं नाव आणि कर्मचारी क्रमांक कागदावर हवा, आणि तो माणूस तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला हवा. एफडी कधी उघडली ती तारीख तुमच्या पावतीशी ताडून पाहा. दिवस भरत नसतील तर थांबा, किंवा कमी पडणाऱ्या रकमेसाठी बँकेचं शैक्षणिक कर्ज मंजूर करून घ्या, ते चालतं. पालकांच्या नावावर पैसे असतील तर नात्याचा पुरावा आणि संमतीपत्र जोडा. एजंटाने भरलेला अर्ज पाठवण्याआधी प्रत्येक पान वाचा, कारण खाली सही तुमच्या मुलाची असते.

ऑगस्टमध्ये मी हट्टाने शाखेत जाऊन खरं सर्टिफिकेट आणि शिक्क्याचं स्टेटमेंट घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मिळालं. चार्जेस ११८ रुपये. मुलीला दाखवलं, तर ती म्हणाली, "बाबा, आता कशाला?"