शौचतपासणी की एमआरआय?

इंदूरच्या आमच्या काकूंना पहिल्यांदाच फिट आली. डॉक्टरांना मेंदूत पट्टकृमीची अळी असल्याची शंका. काकू म्हणाल्या, "आम्ही शाकाहारी, मग डुकराच्या मांसातला कृमी कसा?"

अर्धकच्च्या मांसातली अळी खाल्ली की आतड्यात काही मीटर लांब कृमी वाढतो. शौचात पांढरे चपटे तुकडे दिसतात. मेंदूत अळी गाठ होऊन बसते ती मात्र कृमीची अंडी गिळल्याने. ही अंडी कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून हातांवर, कोथिंबिरीवर येतात.

शौचतपासणी स्वस्त, पण मेंदूतली गाठ तिला कळत नाही. एमआरआय महाग, पण गाठ आणि भोवतालची सूज दाखवतो. त्याआधी घरच्या घरी जंताची गोळी नकोच. अळी मरताना सूज वाढून पुन्हा फिट येऊ शकते.

फिट आलेल्या काकूंना एमआरआय. शौचतपासणी घरातल्या सगळ्यांची, स्वयंपाकीणबाईंचीही.