क्रिएटिन मोनोहायड्रेट: डबा एक, घेणारे दोघे, फरक एकालाच

मी आणि जिममधला माझा मित्र चार-पाच महिने एकाच डब्यातून क्रिएटिन, म्हणजे ताकदीच्या व्यायामासाठी घेतात ती पूरक पावडर, घेत होतो. मात्रा तीच, रोज 5 ग्रॅम, आणि व्यायामही जवळपास सारखाच. महिनाभरात त्याचं वजन दीडेक किलोने वाढलं. बेंच प्रेसच्या शेवटच्या सेटला तो जिथे थांबायचा, तिथे आता आणखी दोन रेप्स निघू लागले. माझं वजन हललं नाही आणि शेवटचे सेटही पूर्वीच्याच जागी अडत राहिले. पावडर बनावट असती तर त्यालाही फरक पडला नसता. आमच्यात ठळक फरक एकच होता: तो जन्मापासून शाकाहारी, आणि माझ्या जेवणात बहुतेक रोज मांस किंवा मासे.

शरीरातलं सुमारे 95 टक्के क्रिएटिन स्नायूंमध्ये असतं. त्यातलं रोज साधारण 2 ग्रॅम क्रिएटिनिन होऊन लघवीवाटे निघून जातं. ती तूट शरीर काही अंशी स्वतः क्रिएटिन बनवून भरून काढतं, उरलेलं अन्नातून येतं. कच्च्या मांसात किंवा माशात किलोमागे 4 ते 5 ग्रॅम क्रिएटिन असतं, वनस्पतिजन्य अन्नात ते जवळजवळ नसतंच. त्यामुळे शाकाहारी माणसाच्या स्नायूंतला साठा सहसा कमी असतो.

खरी गोम आहे ती वरच्या मर्यादेत. साठा कोरड्या स्नायूच्या किलोमागे मिलिमोलमध्ये मोजतात. सर्वसाधारण माणसाचा आकडा 120च्या आसपास असतो आणि कितीही पावडर घेतली तरी तो साधारण 150-160च्या वर जात नाही. घागर आधीच काठोकाठ भरलेली असेल, तर वरून ओतलेलं पाणी बाहेरच जाणार. जास्तीचं क्रिएटिनही तसंच लघवीतून निघून जातं. 1992 साली हॅरिस, सॉडरलुंड आणि हल्टमन यांनी स्नायूचे नमुने तपासले, तेव्हा सुरुवातीचा साठा ज्यांचा कमी, त्यांचीच वाढ सर्वाधिक दिसली.

एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत, पण प्रत्यक्षात आढळणाऱ्या मर्यादेतले. एकाचा साठा 105 वरून 135 वर गेला, म्हणजे जवळपास 29 टक्के वाढ. दुसरा 142 वरून 150 वर गेला, म्हणजे सहा टक्क्यांहून कमी. जड सेटमध्ये स्नायूंना ऊर्जा देणारं एटीपी संपत आलं की स्नायूत साठलेल्या क्रिएटिनचंच एक रूप असलेलं फॉस्फोक्रिएटिन ते पुन्हा तयार करून देतं, आणि विश्रांतीत फॉस्फोक्रिएटिन स्वतः भरून येतं. पहिल्याच्या हाताशी दर सेटला जास्त माल असतो, दुसऱ्याला फरक जाणवण्याइतकी भर पडलेलीच नसते. ग्रीनहाफ यांच्या 1994च्या प्रयोगात आठपैकी पाच जणांचा साठा चांगला वाढला आणि व्यायामानंतर त्यांचं फॉस्फोक्रिएटिन लवकर भरून आलं. उरलेल्या तिघांत वाढ जेमतेम होती आणि भरून येण्याचा वेगही बदलला नाही.

म्हणून क्रिएटिनने फरक न पडणाऱ्यांवर मारला जाणारा ‘नॉन-रिस्पॉन्डर’ हा शिक्का मला पटत नाही. अशा माणसाच्या शरीरात दोष नसतो. बहुधा पावडरीतून जे मिळायचं, ते त्याच्याकडे आधीपासूनच असतं.

तरीही सगळं आहारावर ढकलता येत नाही. 2004 साली सिरोटुइक आणि बेल यांनी 11 पुरुषांना पाच दिवस मोठी मात्रा दिली. तिघांना भरपूर फरक पडला, तिघांना जवळपास नाही, पाच जण मधले. ज्यांना फरक पडला त्यांचा सुरुवातीचा साठा सर्वांत कमी होता, पण त्यांच्यात जलद आकुंचन पावणारे टाइप 2 तंतूही जास्त होते. त्यामुळे मांसाहारी असूनही एखाद्याला चांगला फरक पडू शकतो. शिवाय मधल्या पाच जणांकडे पाहिलं की कळतं, इथे ‘होतो’ आणि ‘होत नाही’ असे दोन कप्पे नाहीत, चढती श्रेणी आहे.

साठा नेमका मोजायचा तर स्नायूचा तुकडा काढून तपासावा लागतो, म्हणून आपल्यासाठी अप्रत्यक्ष खुणाच उरतात. लोडिंग, म्हणजे सुरुवातीचे काही दिवस मोठी मात्रा, न करता रोज 3 ग्रॅम घेतले तर साठा भरायला सुमारे चार आठवडे लागतात, त्यामुळे दहा-बारा दिवसांत निकाल लावू नये. स्नायूत पाणी धरलं गेल्याने वजन थोडं वाढतं का, ते पाहावं. आणि कस लावायचा तो कमी विश्रांतीच्या, एकामागून एक जड सेट्समध्ये. लांब पळण्यावरून काहीच कळणार नाही.

सगळ्यात उपयोगी पडली ती बंद करण्याची चाचणी. क्रिएटिन थांबवलं की वाढलेला साठा साधारण चार ते सहा आठवड्यांत मूळ पातळीवर येतो. आम्ही दोघांनीही तेवढा काळ थांबवलं. मित्राचं वजन उतरलं आणि ते जास्तीचे दोन रेप्सही गेले. माझ्या नोंदवहीत आधीचे आणि नंतरचे आठवडे वेगळे ओळखता येत नाहीत. त्याने पुन्हा सुरू केलंय. माझा आहार असाच राहील तोवर मी घेणार नाही, पण मांस-मासे सोडले तर पुन्हा नक्की घेऊन पाहीन.