फोटोवरून पीक सांभाळायचं असेल, तर तीळ, करडई की एरंडी?

शेतावर रोज जाणं जमत नसेल आणि दुसऱ्याने काढलेल्या फोटोंवरच विसंबायचं असेल, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पाणी, हंगाम आणि भावाचं गणित तुम्ही मांडलंच असेल. मी फक्त फोटोत काय दिसतं तेवढंच सांगतो.

तिळाचा पर्णगुच्छ लपत नाही. फुलांच्या जागी हिरव्या बारीक पानांचा झुपका आला, की तो तुडतुड्यांनी पसरवलेला रोग. ते झाड बरं होत नाही, उपटूनच टाकावं लागतं. माझा तिळावरचा जीव मात्र उडाला तो माना टाकलेल्या झाडांमुळे. फोटो कायम वरून काढलेला असतो आणि वरून पाण्याचा ताण, साचलेलं पाणी आणि मूळकूज सगळं सारखंच दिसतं. एकदा शेतात मधेच सुकलेल्या झाडांचा पट्टा दिसला आणि पाणी द्यायचं ठरत होतं. मी एक झाड उपटून, बुंध्याजवळची साल नखाने खरवडून जवळून फोटो मागवला. सालीखाली कोळशाच्या भुकटीसारखे बारीक काळे ठिपके होते, म्हणजे खोड-मूळकूज. शेजारच्या झाडांखालची माती ओलीच होती, त्यामुळे ताणाचा प्रश्न मिटला. पण हा दुसरा फोटो दरवेळी मागावा लागतो, आणि तो येईपर्यंत पट्टा रुंदावलेला असतो.

करडईची अडचण काट्यांची. फोटो काढणारा आत शिरत नाही, लांबूनच काढतो. त्यातल्या त्यात बरं म्हणजे काळा मावा बहुधा बांधाकडच्या ओळींपासून सुरू होतो, त्यामुळे कडेच्या झाडाचा शेंडा जवळून टिपला तरी चालतं. पानं चिकट चकचकीत आणि पुढे काजळी धरलेली दिसली, तर मावा बराच वाढलाय असं समजावं. मर ओळखताना झाडाची एकच बाजू पिवळी पडलीय का ते पाहा. तशी दिसली तर खोड उभं चिरून आत तपकिरी रेषा आहेत का, याचाही फोटो घ्या.

एरंडीचं पान एवढं मोठं की साध्या मोबाईलनेही काम भागतं. उंटअळीने पान खाल्लं की शिरांचाच सांगाडा उरतो, दुसरी शंका सहसा येत नाही. कडा पिवळ्या पडून करपल्या असतील, तर मात्र तुडतुडे की क्षार, हे वरून कळत नाही. पान उलटून फोटो काढायचा. खाली हिरवट बारीक तुडतुडे तिरके पळताना दिसले की उत्तर मिळालं. एवढा फोटो कुणीही कुरकुर न करता पाठवतो, झाड उपटावं लागत नाही. सलग पावसात घडांवर येणारी करडी बुरशी तेवढी फोटोत दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, हे मान्य.

ज्यांच्याकडे बुंध्यापर्यंत वाकून पाहणारा माणूस आहे, त्यांना तीळही परवडेल. माझ्याकडे तसा कुणी नाही, म्हणून मी एरंडी लावतो.