७५० रुपयांचा कॉलर माइक, सात महिन्यांनंतर

फोन आधी घेतला होता, २८ हजारांचा, फोर-के कॅमेऱ्यासाठी. शिवणाचे व्हिडिओ काढायचे म्हणजे कापडाची वीण आणि टाक्यांची ओळ स्पष्ट दिसली पाहिजे, असं माझं पक्कं मत होतं. तीन महिने त्याच फोनच्या आतल्या माइकवर व्हिडिओ टाकले. मग एका विद्यार्थिनीचा फोन आला. "ताई, निम्मा शोल्डर साडेसात धरला ना? ब्लाउज खांद्यावरून उतरतोय."

मी सव्वासात म्हणाले होते. दोन्ही बाजूंचा मिळून अर्धा इंच जास्त गेला आणि सिल्कचं कापड वाया गेलं. तो व्हिडिओ मी डोळे मिटून ऐकला, तेव्हा मलाही 'सव्वा' आणि 'साडे' यांत फरक कळेना. कारण समजायला सोपं आहे. बोलताना स्वर मोठे असतात, व्यंजनं बारीक आणि क्षणभरच टिकणारी. आमची खोली फरशीची, भिंती मोकळ्या. तिथे पहिल्या अक्षरातला स्वर घुमत राहतो आणि त्याच्या शेपटाखाली पुढचा 'व्व' किंवा 'डे' बुडतो. स्क्रीनवर टेप दिसतेच, पण बायका शिवताना फोन मशीनच्या मागे टेकवून ठेवतात, नजर कापडावर असते आणि माप कानानेच घेतात. शिवाय डेटा वाचवायला बऱ्याच जणी व्हिडिओ ३६०वर लावतात. माझं फोर-के तिथे संपतं. आवाजात मात्र फारसा फरक पडत नाही, तो चांगला असला तर चांगलाच पोचतो.

म्हणून हा वायरवाला कॉलर माइक घेतला. सहा मीटरची वायर, मध्ये डबी, डबीवर फोन आणि कॅमेरा असं बटण, आत एलआर४४ सेल. ही माहिती सगळ्यांना असते, पण एक गोष्ट सांगते. फोनला लावताना बटण फोनकडेच हवं आणि पिन पूर्ण आत गेली पाहिजे. माझ्या फोनच्या कव्हरमुळे पिन केसभर बाहेर राहत होती. फोन गुपचूप आतल्या माइकवर रेकॉर्ड करत होता आणि मी माइकला बोल लावत होते. खात्री करायची असेल तर रेकॉर्डिंग सुरू करून माइकवर नखाने हळूच खरवडा आणि ऐका. खरखर मोठी आली तर माइक चालू आहे. क्षीण आली तर फोन स्वतःचाच माइक वापरतोय.

फरक कशामुळे पडतो, तर अंतरामुळे. फोन माझ्यापासून सहा फुटांवर, म्हणजे आठ विती. कॉलर माइक हनुवटीखाली एका वितीवर. माझा थेट आवाज त्याला आठपट जोरात मिळतो, आणि खोलीचा घुमारा जवळपास तेवढाच राहतो. इतका फरक कुठलाही महागडा फोन आतल्या माइकने देऊ शकत नाही. तोंडाच्या अगदी जवळही आणू नका, 'प' आणि 'भ'चा वारा आदळतो. एक वीत बरोबर.

आता तक्रार. दोन आठवड्यांनी आवाजात बारीक 'घूं' यायला लागलं. दुकानात गेले. "इलेक्ट्रॉनिक माल परत होत नाही," एवढंच उत्तर. मी वाद घातला, बिल दाखवलं, लावून ऐकवला, तर तिथे घूं आलंच नाही. त्या दिवशी मी या माइकला दोन तारे दिले असते. पुढच्या आठवड्यात रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेली. नंतर ऐकलं तर ज्या क्षणी लाइट गेली, त्याच क्षणी घूं थांबलेलं, आणि माझा आवाज बॅटरीवर पुढे स्वच्छ चालू. दोष माइकचा नव्हताच. फोन चार्जरला लावून मी रेकॉर्ड करत होते आणि चार्जरची गुणगुण वायरीतून आत शिरत होती. तेव्हापासून फोन आधी पूर्ण चार्ज करते, प्लग काढते, मगच बोलते. दुकानदाराला जाऊन हे सांगूनही आले.

क्लिपबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही. ही क्लिप वाईट आहे. दात बोथट, स्प्रिंग दोन महिन्यांत ढिली, आणि पातळ कॉटनवर ती डोकं खाली टाकते. माइक वाकला की कापडात तोंड खुपसतो आणि आवाज गोधडीतून आल्यासारखा होतो. पदर घासला की खरखर, मंगळसूत्राचे मणी टेकले की टकटक. ही टकटक नंतर कशानेच निघत नाही, कारण ती बोलण्याच्या शब्दांवरच बसलेली असते. मी शेवटी जाड कापडाची दोन बोटं रुंद पट्टी शिवली, तिला माइकच्या मापाचं घर केलं आणि ती पट्टी उजव्या बाजूला गळ्याच्या काठाला आतून पिन केली. पदर डावीकडे, माइक उजवीकडे. पट्टीखाली वायरीचा एक छोटा वेढा टाकून तो टाक्याने धरला, त्यामुळे वायर ओढली गेली तरी हिसका माइकपर्यंत पोचत नाही. मंगळसूत्र तेवढा वेळ ब्लाउजच्या आत. कंपनीने याच पैशांत नीट क्लिप द्यायला हवी होती.

खोलीसाठी एक पैसाही खर्च केला नाही. समोर, म्हणजे फोनच्या मागे, दोरीवर दोन गोधड्या टाकते आणि पाठीमागे कपड्यांचं उघडं कपाट ठेवते. घुमारा लगेच बसतो. गोधडीने पंखा किंवा रस्त्यावरची गाडी थांबत नाही, ती फक्त खोलीतला आवाज पिते. पंखा बंदच करावा लागतो, म्हणून मी आठ-दहा मिनिटांचे तुकडे करते. मशीनची मोटर चालू असताना बोलत नाही. टाका घालून दाखवते, पाय उचलते, मग सांगते.

सुरुवातीला दहा सेकंद गप्प बसते. मुलाच्या लॅपटॉपवर ऑडॅसिटी आहे, फुकट. ते गप्प दहा सेकंद निवडून Noise Reduction मध्ये Get Noise Profile दाबायचं आणि मग पूर्ण आवाजावर लावायचं. पहिल्यांदा मी खूप जोरात लावलं, तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला आणि 'स' कापला गेला. आता सहा डेसिबलवर थांबते. थोडी सूं राहिली तरी चालते, माप कळलं पाहिजे.

ज्यांच्या फोनला गोल पिनचं भोकच नाही, त्यांनी घरातला जुना फोन काढावा, माइक त्याला लावून तो कमरेला खोचावा आणि नव्या फोनने चित्र घ्यावं. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवा. दोन्हींतली टाळी जुळवली की आवाज ओठांवर बसतो. ब्लूटूथ हेडसेटवर बोलू नका, तो फोनवरच्या बोलण्यासारखा आवाज देतो आणि 'स', 'श' तिथेच मरतात.

दर रेकॉर्डिंगआधी मी एक ओळ बोलते, "सात, साठ, आठ, सव्वासात, साडेसात", आणि ती फोनच्या स्पीकरवर, स्वयंपाकघरात नळ चालू ठेवून ऐकते. पाचही वेगळे ऐकू आले तरच पुढे.

सात महिन्यांत सेल बदलावा लागला नाही, फोनवर तो लागतच नाही. वायर पिनच्या मुळाशी किंचित सैल झाली आहे, ती मी हातावर घट्ट गुंडाळत होते म्हणून. आता सैल वेढे घेऊन पिशवीत ठेवते. ७५० रुपयांत घ्यावा, पण क्लिपवर विसंबू नये.