एकेक विषय संपवायचा की रोज तीन विषय फिरवायचे?

परीक्षेला सहा आठवडे उरलेत आणि आठ विषयांची उजळणी करायची आहे. सहा आठवडे म्हणजे 42 दिवस. आठ विषयांना प्रत्येकी पाच दिवस दिले की 40 दिवस होतात आणि दोन उरतात. कागदावर हे वेळापत्रक छान दिसतं. एका विषयात डोकं पूर्ण शिरतं, वह्या-पुस्तकं सारखी बदलावी लागत नाहीत. पण पहिल्या पाच दिवसांत रसायनशास्त्र संपवलं, तर ते पुन्हा हातात येतं थेट 41 व्या दिवशी. मधल्या पाच आठवड्यांत समीकरणं पुसट होतात. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून ते लक्षातही येत नाही. कोऱ्या कागदावर पुस्तक न बघता लिहायला बसलं की कळतं.

दुसरा मार्ग फेऱ्यांचा. रविवार मोकळा ठेवून आठवड्याचे सहा दिवस, रोज दीड-दीड तासाची तीन सत्रं. एकूण 108 सत्रं होतात, प्रत्येक विषयाला तेरा. उरलेली चार सर्वांत कच्च्या विषयाला. प्रत्येक विषय साधारण तिसऱ्या दिवशी परत येतो, आणि सत्राची पहिली दहा मिनिटं मागचं आठवून लिहिण्यात घालवायची. हा भाग टाळला, तर फेऱ्यांचा निम्मा फायदा गेलाच म्हणून समजा.

यातही अडचण आहे: धडा अर्धवट राहतो आणि मागे पडलेलं साचत जातं. रविवार त्यासाठीच. तरीही मी फेऱ्याच निवडेन. मात्र एखादा विषय मुळातच शिकायचा राहिला असेल, तर आधी त्याला सलग तीन-चार दिवस द्यावेत.