सर्लचं उपकरण, सात महिने वापरल्यावर

तार ताणायला किती कठीण आहे ते सांगणारा यंग गुणांक मोजायचं हे उपकरण जूनमध्ये आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या लॅबसाठी घेतलं तेव्हा मी याला पाचपैकी साडेचार तारे दिले होते. ऑक्टोबरमध्ये ते दोनवर आले. आज चार देतोय. मधल्या भांडणात विक्रेत्याची चूक फारशी नव्हती, हेही आधीच सांगून टाकतो.

उपकरण सगळ्यांना माहीत आहेच: एकाच आधारावरून लोंबणाऱ्या दोन सारख्या तारा, मध्ये स्पिरिट लेव्हल, ०.०१ मिमीपर्यंत वाचता येणारा स्क्रू. एका तारेला वजनं लावायची, ती लांबली की लेव्हल कलते, मग स्क्रू फिरवून बुडबुडा मध्ये आणायचा आणि वाढ वाचायची. दुसरी तार कशाला, असं मुलं दरवर्षी विचारतात. दोन मीटर पोलादी तार एक अंश तापली की साधारण ०.०२४ मिमी वाढते, म्हणजे स्क्रूचे दोन भाग. वजनांनी आधाराची तुळईही किंचित वाकते. या दोन्ही गोष्टी दोन्ही तारांना सारख्याच भोवतात, त्यामुळे फरक मोजताना त्या गळून पडतात. हा भाग या उपकरणात उत्तम आहे.

आता जून. तार २ मीटर, व्यास स्क्रू गेजवर ०.४७ मिमी. अर्धा-अर्धा किलो वाढवत तीन किलोपर्यंत गेलो. वाढ अशी आली: ०.४१, ०.७०, ०.९६, १.२१, १.४६, १.७१ मिमी. मी घाईत शेवटचा आकडा घेतला. प्रतिबल म्हणजे बल भागिले छेदाचं क्षेत्रफळ, विकृती म्हणजे वाढ भागिले मूळ लांबी, आणि दोघांचा भागाकार म्हणजे यंग गुणांक. उत्तर १.९८×१०¹¹ पास्कल! पोलादासाठी पुस्तकात साधारण २.०×१०¹¹ असतं. खूश होऊन साडेचार तारे देऊन टाकले.

ऑक्टोबरमध्ये एका मुलीनं पहिला बिंदू घेऊन हिशेब केला, तर उत्तर १.३८ आलं. "सर, तार तीच, मग वजन वाढवलं की उत्तर का वाढतं?" चांगला प्रश्न होता. आलेख काढायला लावला, भार आडवा, वाढ उभी. पहिला बिंदू बाजूला, पुढचे एका सरळ रेषेवर, पण ती रेषा मूळबिंदूतून जात नव्हती. नव्या तारेला गुंडाळीचा बाक असतो. सुरुवातीचं वजन तार नुसती ताणत नाही, सरळही करतं, आणि सरळ होण्यातली ती खोटी वाढ पुढच्या प्रत्येक आकड्यात राहते. म्हणून एका बिंदूचा भागाकार न करता सरळ भागाचा चढ घ्यायचा: दीड ते तीन किलोत ०.७५ मिमी, म्हणजे किलोमागे ०.५० मिमी. बाक त्यातून आपोआप वजा होतो.

तर उत्तर काय यावं? २.२६! पद्धत सुधारली आणि उत्तर बिघडलं. मी विक्रेत्याला तावातावानं लिहिलं की तार पोलादाची नाही, पैसे परत करा. तीन आठवडे फोनाफोनी. शेवटी त्यांचा माणूस आला. उपकरणाला हातही न लावता त्यानं स्क्रू गेजचे जबडे मिटवले आणि मला दाखवले. शंभर भागांच्या चकतीवर शून्याऐवजी ९७. म्हणजे प्रत्येक वाचन तीन भागांनी कमी, व्यासात ०.०३ मिमी मिळवायला हवेत. खरा व्यास ०.५० मिमी.

क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येतो, म्हणून व्यासातली सहा टक्के चूक उत्तरात तेरा टक्के होऊन बसली. नव्यानं मांडलं: क्षेत्रफळ १.९६×१०⁻⁷ चौ.मी.; सरळ भागातल्या दीड किलोचं बल १४.७ न्यूटन, म्हणून प्रतिबल ७.५×१०⁷ पास्कल, विकृती ०.७५ भागिले २०००, म्हणजे ३.७५×१०⁻⁴. भागाकार २.०×१०¹¹. जूनमधलं ते सुंदर १.९८ दोन चुकांनी एकमेकींना झाकल्यामुळे आलं होतं. बाकानं उत्तर खाली ओढलं, गेजनं वर ढकललं. चार महिने मी ते मुलांना नमुना म्हणून दाखवत होतो!

त्या स्क्रू गेजवरचा माझा राग मात्र गेलेला नाही. सेटबरोबर फुकट आला म्हणून वापरला. आता लॅबमध्ये नियम आहे: आधी जबडे मिटवून शून्य बघा, मग तारेवर पाच ठिकाणी, दर ठिकाणी काटकोनातल्या दोन दिशांनी व्यास घ्या. लांबी फूटपट्टीनं मोजली तरी चालते. दोन मीटरमध्ये एक मिलिमीटरचं कोण विचारतो?

शिवाय हँगरवर एक किलो आधीच लटकवून ठेवतो, तिथून शून्य धरतो. वजनं चढवताना आणि उतरवताना दोन्ही वाचनं घेतो. उतरवल्यावर स्क्रू जुन्या जागी आला नाही तर तार तिला धरणाऱ्या चकमध्ये सरकली आहे, किंवा कुणीतरी जास्त वजन टाकून ती कायमची लांबवली आहे. आणि स्क्रू नेहमी एकाच दिशेनं फिरवून बुडबुडा मध्ये आणायचा. पुढे गेला की नुसता तेवढाच परत फिरवायचा नाही, बराच मागे जाऊन त्याच दिशेनं पुन्हा यायचं.

एक तारा कापलाय तो बुडबुड्यासाठी. इतका आळशी आहे की प्रत्येक वजनानंतर दोन मिनिटं थांबावं लागतं, आणि बावीस मुलांच्या बॅचमध्ये ती दोन मिनिटं कुठून आणायची?