जुनं घड्याळ पुढे पळतंय किंवा मागे पडतंय: रेग्युलेटर सरकवायचा, की सर्व्हिसिंगला द्यायचं?

चावीचं जुनं घड्याळ रोज चुकत असेल तर तीन वाटा असतात. मागचं झाकण उघडून चाल कमीजास्त करणारी रेग्युलेटरची दांडी जराशी सरकवायची, घड्याळजीकडे सर्व्हिसिंगला द्यायचं, किंवा काहीच न उघडता रात्री घड्याळ ठेवण्याची पद्धत बदलून चूक भरून काढायची. यातली कुठली निवडायची हे घड्याळ किती चुकतं यावर फारसं ठरत नाही. ते रोज सारखंच चुकतं की नाही, यावर ठरतं. रोज दोन मिनिटं नेमाने पुढे जाणारं घड्याळ दांडीने ताळ्यावर येऊ शकतं. आज दहा सेकंद पुढे आणि उद्या पन्नास मागे असं वागणारं येत नाही.

उदाहरणाला एचएमटीची जनता घेते. घराघरांतल्या कपाटात ती अजून सापडते. बेंगळुरूच्या कारखान्यात जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ पासून एचएमटीची घड्याळं बनू लागली. जनता हे त्यातलं चावीचं, १७ ज्वेल्सचं साधं घड्याळ, तासाला १८,००० ठोके म्हणजे सेकंदाला पाच. खाली जे सांगते ते बहुतेक जुन्या स्विस घड्याळांनाही लागू आहे.

झाकण काढल्यावर जे चाक सतत मागेपुढे झुलताना दिसतं ते बॅलन्स व्हील. त्याला झुलवणारी केसासारखी बारीक गुंडाळी म्हणजे हेअरस्प्रिंग. तिचं बाहेरचं टोक एका खुंटीत पक्कं बसवलेलं असतं. त्या खुंटीपासून थोड्या अंतरावर स्प्रिंगचा बाहेरचा वेढा दोन बारीक पिनांच्या मधून जातो, आणि या पिना रेग्युलेटरच्या दांडीला जोडलेल्या असतात. दांडी फिरवली की पिना वेढ्यावरून सरकतात. खुंटीपासून लांब गेल्या तर स्प्रिंगचा काम करणारा भाग आखूड होतो आणि घड्याळ जलद चालतं. खुंटीजवळ आल्या तर भाग लांबतो आणि घड्याळ मंदावतं. दिशा लक्षात ठेवायची गरज नसते, कारण दांडीशेजारी + आणि − कोरलेलं असतं. जुन्या स्विस घड्याळांवर 'ए' आणि 'आर' असतं: 'ए'कडे नेलं की पुढे, 'आर'कडे नेलं की मागे. इंग्रजी धाटणीच्या घड्याळांवर त्याच जागी 'एफ' आणि 'एस' दिसतात.

ही दांडी किती नाजूक काम करते हे एका हिशोबावरून कळतं. दिवसाचे ८६,४०० सेकंद. त्यात एका मिनिटाचा फरक पाडायचा तर स्प्रिंगच्या कामाच्या लांबीत जेमतेम ०.१४ टक्के बदल करावा लागतो. स्प्रिंग १० सेंटिमीटर धरली तर हा बदल मिलिमीटरच्या सातव्या भागाइतका होतो. दांडीचं टोक पिनांपेक्षा थोडं जास्त फिरतं, तरीही डोळ्यांना 'सरकली' असं स्पष्ट दिसलं तर बहुतेक वेळा ती गरजेपेक्षा जास्त सरकलेली असते.

आता निवडीकडे. काहीही उघडण्याआधी चार दिवस नोंद ठेवा. रोज सकाळी एकाच वेळी पूर्ण चावी द्या आणि सेकंदकाटा बारावर येताना मोबाइलवरच्या वेळेशी किती फरक आहे ते लिहा. मोबाइलची वेळ नेटवर्कवरून आपोआप घेण्यावर ठेवलेली असावी. घड्याळ नेहमीसारखं हातात घाला, रात्री एकाच पद्धतीने ठेवा, आणि मधे काटे अजिबात जुळवू नका. दोन जनता शेजारी शेजारी ठेवून घेतलेली अशी नोंद पाहा. आकडे त्या त्या दिवसातल्या सेकंदांच्या फरकाचे आहेत:

| दिवस | पहिलं घड्याळ | दुसरं घड्याळ |
|---|---|---|
| १ | +४१ | −३५ |
| २ | +३८ | +१० |
| ३ | +४० | −९० |
| ४ | +४२ | −२० |

दुसऱ्या घड्याळाची सरासरी काढली तर ते रोज साधारण ३४ सेकंद मागे, म्हणजे चूक पहिल्यापेक्षा कमीच. तरी दांडी सरकवण्याजोगं घड्याळ पहिलं आहे. त्याची चाल एकसारखी आहे, फक्त थोडी जलद. दुसऱ्याची चालच डळमळीत आहे. तेल सुकलंय, कुठेतरी मळ बसलाय किंवा चावीने गुंडाळली जाणारी मेनस्प्रिंग थकलीय, त्यामुळे बॅलन्स कधी पुरेसा झुलतो, कधी नाही. तिथे दांडी + कडे नेली तर −९० चा दिवस −५० होईल आणि +१० चा दिवस +५० होईल. दोन टोकांमधलं शंभर सेकंदांचं अंतर तसंच राहील.

पहिल्या घड्याळाचं काम असं झालं. जनताचं झाकण दाबून बसवलेलं असतं, कडेला पाते घालायला बारीक खाच असते. केस उघडायच्या बोथट पात्याने ते उचललं. दांडी हलवायला लाकडाची टोकदार काडी घेतली. लोखंडी चिमटा किंवा स्क्रूड्रायव्हर मुद्दाम टाळला, कारण तो दांडीवरून घसरला तर थेट हेअरस्प्रिंगवर जातो, आणि वाकलेली हेअरस्प्रिंग सरळ करणं फार थोड्यांना जमतं. डोळ्याला भिंग लावून दांडीचं टोक − कडे हलकेच ढकललं. दुसऱ्या दिवशी नोंद आली −२५. म्हणजे त्या एका ढकलण्याने ६५ सेकंदांचा फरक पडला. शून्यावर यायला त्यातले २५ परत हवे होते, म्हणून आधीच्या ढकलण्याच्या साधारण दोन पंचमांश इतकं मागे आणलं. पुढची नोंद +६. तिथेच थांबलं. अचूकतेचं प्रमाणपत्र मिळणाऱ्या स्विस क्रोनोमीटरच्या चाचणीतही दिवसाला −४ ते +६ सेकंदांची सरासरी चालते. जनताकडून याहून जास्त मागायला लागलं की माणूस दांडी रोज उगाच इकडेतिकडे करत बसतो.

मोबाइलवर टिकटिक ऐकून चाल सांगणारी ॲप्स आहेत, आणि घड्याळजींकडे तेच काम करणारं यंत्र, टाइमग्राफर, असतं. त्यांनी दिवसभर थांबायचा वेळ वाचतो, पण शेवटचा निकाल मनगटावरच्या २४ तासांचाच धरा. यंत्रावर घड्याळ एकाच स्थितीत पडलेलं असतं, हातात तसं नसतं.

दांडीला हात लावण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात, आणि त्यातली तिसरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पहिली, घड्याळ अचानक, एका दिवसात, कित्येक मिनिटं पुढे पळायला लागलं असेल तर कारण बहुधा चुंबकत्व असतं. हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते. स्पीकर, पर्सचं चुंबकी बटण, मोबाइलचं चुंबकी कव्हर यांच्याजवळ घड्याळ राहिलं की असं होतं. दुकानात मिळणाऱ्या छोट्या डिमॅग्नेटायझरवर घड्याळ ठेवायचं, बटण दाबून धरायचं आणि ते दाबलेलं असतानाच घड्याळ सावकाश हातभर लांब न्यायचं. मिनिटाभराचं काम आहे. हे न करता दांडी − कडे ओढली, तर पुढे कधी चुंबकत्व गेलं की घड्याळ तितकंच मागे पडेल.

दुसरी, काही घड्याळांत बॅलन्सच्या पुलावर एकीवर एक अशा दोन दांड्या असतात. एक रेग्युलेटरची, आणि दुसरी जिच्यात स्प्रिंगची खुंटी बसलेली असते. दुसरी हलवली की घड्याळाची 'बीट' बिघडते. टिक आणि टाक यांतलं अंतर असमान होतं, लंगडत चालल्यासारखं ऐकू येतं, आणि पूर्ण थांबलेलं घड्याळ चावी दिल्यावर आपणहून सुरू होत नाही, हलवावं लागतं. पिना ज्या दांडीला आहेत तीच आपली, हे भिंगातून खात्री करून मगच हात लावा.

तिसरी, दांडी आत्ता कुठे आहे? ती जवळपास मध्यावर असेल तर सरकवायला मोकळीक आहे. ती + च्या अगदी टोकाला टेकलेली असेल, तर आधी कुणीतरी मंदावलेलं, मळलेलं घड्याळ न उघडता दांडीने पुढे रेटलंय. ऑनलाइन विकायला येणाऱ्या, तबकडी नव्याने रंगवलेल्या, इकडचे-तिकडचे भाग जोडलेल्या जनतांत असं बरंच दिसतं. अशा घड्याळाला दांडीने आणखी काही देता येत नाही. ते सर्व्हिसिंगलाच द्यायचं.

सर्व्हिसिंगमध्ये घड्याळ पूर्ण सुटं करून धुतलं जातं आणि ठरलेल्या जागी नवं तेल घातलं जातं. यात पैसे जास्त जातात, आठवडा-पंधरवडा घड्याळ हातात नसतं, आणि चांगला घड्याळजी शोधावा लागतो. पण बॅलन्सचा झोका वाढतो, आणि टाइमग्राफरवर तो अंशांत दिसतो. पूर्ण चावी दिलेलं घड्याळ आडवं ठेवल्यावर २७० अंशांच्या आसपास झुलत असेल तर तब्येत उत्तम. २०० च्या खाली असेल तर त्याला दांडी नको, सफाई हवी. चार वर्षांत कधीच सर्व्हिसिंग झालं नसेल आणि घड्याळ रोज वापरात असेल, तर नोंद एकसारखी आली तरी मी सर्व्हिसिंगच्याच बाजूने झुकेन, कारण सुकलेल्या तेलात फिरत राहिलेले पिव्हट, म्हणजे चाकांच्या आसांची बारीक टोकं, झिजतात, आणि ती झीज कुठलीच दांडी भरून काढत नाही.

तिसरी वाट फुकटची आहे आणि तिच्यात धोका शून्य. रोज दहा-पंधरा सेकंदांचीच चूक असेल तर आधी हीच करून पाहा. घड्याळ वेगवेगळ्या स्थितीत थोडं वेगळं चालतं. एक रात्र तबकडी वर करून आडवं ठेवा, दुसऱ्या रात्री चावी वर करून उभं, तिसऱ्या रात्री चावी खाली करून, आणि सकाळी फक्त रात्रीचा फरक लिहा. दिवसा पुढे जाणारं घड्याळ एखाद्या स्थितीत रात्री तेवढंच मागे येत असेल, तर त्याला रोज तसंच झोपवायचं. पण पाऊण मिनिटाची चूक यातून भरून निघणार नाही.

घड्याळ सर्व्हिसिंगला देताना चार दिवसांची नोंद सोबत द्या, आणि परत घेताना झाकण लावण्याआधी दांडी कुठे आहे ते दाखवायला सांगा. सफाईनंतर ती मध्याच्या आसपास आलेली असावी. स्वच्छ घड्याळातही वेळ जुळवायला ती एका टोकाला न्यावी लागली असेल, तर हेअरस्प्रिंग त्या बॅलन्सची नाही, कधीतरी दुसऱ्या घड्याळातून काढून बसवलेली आहे असा दाट संशय धरा. मग जोडीचा बॅलन्स आणि स्प्रिंग एकत्र मिळवणं हाच उपाय उरतो.